१२ एप्रिलच्या अडकलेल्या पेमेंटबद्दल दिलगिरी आणि पैसे परत मिळण्याची पद्धत (सुधारित संदेश)

नमस्कार,

रविवार, १२ एप्रिल २०२६ रोजी संध्याकाळी ७.४० ते रात्री ९.२५ या वेळेत आमच्या वेबसाइटवर हापूसच्या पेट्या बुक करताना तुमचे पैसे खात्यातून गेले, पण ऑर्डर झाली नाही. अक्षय्य तृतीयेसाठी घाईने बुकिंग करताना तुम्हाला हा मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही तुमची मनापासून माफी मागतो.

सोमवारी तुम्हाला आमचा एक छोटा संदेश आला होता. 'तांत्रिक अडचणीमुळे गैरसोय झाली, २४ तासांत पैसे परत मिळतील' असे त्यात म्हटले होते. तो संदेश कृपया रद्द समजा. २४ तासांची मुदत चुकीची होती. पैसे कधी जमा करायचे हे तुमच्या बँकेच्या हातात असते, आमच्या नाही. खरी मुदत आणि खरी पद्धत खाली दिली आहे.

नेमके काय झाले

तुम्ही पिन किंवा ओटीपी टाकल्यावर तुमच्या बँकेने रक्कम वळती केली. 'पेमेंट झाले' हा निरोप बँकेकडून पेमेंट गेटवेकडे आणि तिथून आमच्याकडे यायला हवा होता. त्या पावणेदोन तासांत गेटवेची यंत्रणा बंद पडल्याने हा निरोप मधेच अडकला. ठरलेल्या वेळेत निरोप न आल्यामुळे आमच्या वेबसाइटने ऑर्डर रद्द केली आणि तुमच्या स्क्रीनवर 'Payment Failed' दिसले. पैसे गेल्याचा बँकेचा एसएमएस आणि ऑर्डर झाली नाही असे सांगणारी आमची वेबसाइट, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. तुमच्या कार्डाची किंवा खात्याची माहिती कुठेही बाहेर गेलेली नाही. ती आमच्याकडे साठवलीच जात नाही.

तुमचे पैसे आत्ता कुठे आहेत

वेबसाइटवर लॉगिन करून 'माझ्या ऑर्डर' हे पान उघडा. १२ तारखेच्या ऑर्डरपुढे खालीलपैकी एक शेरा दिसेल.

*रक्कम बँकेकडे.* बहुतेकांपुढे हाच शेरा आहे. तुमची रक्कम आमच्यापर्यंत आलेलीच नाही, त्यामुळे ती आम्ही पाठवू शकत नाही. बँक ती आपोआप उलट जमा करेल. यूपीआय आणि कार्ड या दोन्हींसाठी रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार याची मुदत व्यवहाराच्या तारखेपासून ५ दिवस आहे, म्हणजे १७ एप्रिल. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई देणे बँकेला बंधनकारक आहे आणि त्यासाठी तुम्हाला अर्ज करावा लागत नाही.

*परतावा सुरू.* रक्कम गेटवेपर्यंत आली होती, पण ऑर्डर झाली नव्हती. या सर्वांचा परतावा आम्ही आज, १४ एप्रिलला सकाळी आमच्या बाजूने पाठवला आहे. तो खात्यात दिसायला साधारण ५ ते ७ कामाचे दिवस लागतात. शेऱ्याखाली परताव्याचा संदर्भ क्रमांक आहे. कार्डाच्या बाबतीत तो २३ अंकी एआरएन असतो. बँकेच्या कस्टमर केअरच्या माणसाला नुसती ऑर्डर सांगून काही सापडत नाही, एआरएन सांगितला की सापडते.

*ऑर्डर पक्की.* निरोप उशिरा आला आणि ऑर्डर नोंदली गेली. पेटी ठरल्याप्रमाणे येईल. ती नको असल्यास १६ एप्रिलपर्यंत याच ईमेलला 'रद्द' असे उत्तर द्या. पूर्ण रक्कम परत करू.

पुन्हा प्रयत्न केल्यामुळे काहींचे पैसे दोनदा गेले आहेत. अशा वेळी 'माझ्या ऑर्डर'मध्ये दोन नोंदी दिसतील. प्रत्येकीचा शेरा वेगळा असू शकतो, म्हणून दोन्ही तपासा. उदाहरणार्थ, ५ डझनांच्या पेटीचे ४,५०० रुपये ८.११ ला आणि पुन्हा ८.१९ ला गेले असतील, तर पहिली रक्कम बँकेकडून उलट येईल आणि दुसरीवर ऑर्डर पक्की झालेली असेल.

पैसे आले का, हे कसे बघावे

उलट जमा झालेल्या रकमेचा एसएमएस दर वेळी येतोच असे नाही. बँकेच्या अॅपमध्ये स्टेटमेंट उघडून १२ एप्रिलनंतरच्या जमा नोंदींत नेमकी तेवढीच रक्कम शोधा. पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गाने परत येतात. क्रेडिट कार्ड वापरले असेल तर ते कार्डाच्या स्टेटमेंटमध्येच दिसतील, बचत खात्यात नाही. मधल्या काळात कार्डाचे बिल आले आणि परतावा देय तारखेआधी जमा झाला, तर तो देय रकमेतून वजा होतो. तोवर जमा झाला नसेल तर बिल वेळेवर भरून टाका, नाहीतर व्याज लागेल. परतावा नंतर कार्डावर जमा राहील.

१७ एप्रिलपर्यंत पैसे आले नाहीत तर

'रक्कम बँकेकडे' असा शेरा असलेल्यांनी १८ एप्रिलला पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

१. यूपीआय अॅपमध्ये तो व्यवहार उघडा. 'UTR' किंवा 'UPI transaction ID' या नावाने १२ अंकी क्रमांक दिसेल, तो लिहून घ्या. कार्ड असल्यास व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे ४ अंक पुरेसे आहेत.

२. त्याच अॅपमधून किंवा बँकेच्या तक्रार विभागात 'पैसे वळते झाले, विक्रेत्याला मिळाले नाहीत' अशी तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

३. तो क्रमांक या ईमेलच्या उत्तरात आम्हाला पाठवा. रक्कम आमच्याकडे पोहोचली नसल्याचे पत्र आम्ही एका कामाच्या दिवसात देऊ. बँका बहुधा हेच पत्र मागतात आणि ते नसले की तक्रार रेंगाळते.

४. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही.

नेट बँकिंगने पैसे दिले असतील तरीही हीच पद्धत वापरा. मात्र वरची ५ दिवसांची मुदत आणि १०० रुपयांची भरपाई आम्ही यूपीआय आणि कार्डाबद्दलच सांगितली आहे.

तुमची पेटी

तुमच्या नावाची पेटी आम्ही रविवारच्याच दराने १६ एप्रिल, रात्री ९ पर्यंत राखून ठेवली आहे. पैसे परत येण्याची वाट पाहायची नसेल तर 'माझ्या ऑर्डर'मधून 'घरपोच आल्यावर पैसे' हा पर्याय निवडा. त्याचे नेहमीचे ५० रुपये शुल्क यावेळी घेणार नाही.

सावध राहा

अशा प्रसंगी 'परतावा देतो' म्हणून फसवे फोन येतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. आम्ही ओटीपी, पिन किंवा कार्डाचा सीव्हीव्ही विचारणार नाही, लिंक पाठवणार नाही आणि स्क्रीन शेअर करायलाही सांगणार नाही. कुणी फसवलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

काही अडले तर याच ईमेलला उत्तर द्या. २० एप्रिलपर्यंत सकाळी ८ ते रात्री १० आमची माणसे फक्त या पेमेंटचेच काम पाहत आहेत.

आपले,
ग्राहक सेवा आणि हिशेब विभाग
रत्नागिरी
१४ एप्रिल २०२६