आर्याच्या दृष्टी तपासणीबाबत

ऐरोली, नवी मुंबई
दि. 14 जुलै

चि. आर्या, इयत्ता दुसरी 'ब' हिच्या आई-बाबांना सप्रेम नमस्कार.

परवा शाळेत मुलांची नजर तपासली. आर्याने उजव्या डोळ्याने तक्त्याची 6/6 ची ओळ सहज वाचली. डाव्या डोळ्याने मात्र 6/24 च्या ओळीपर्यंतच वाचता आलं. म्हणजे निकोप डोळ्याला जे अक्षर 24 मीटरवरून ओळखता येतं, ते ओळखायला तिच्या डाव्या डोळ्याला 6 मीटरवर यावं लागतं. उजवा डोळा झाकल्यावर ती सारखी मान वळवून कार्डाच्या कडेने बघू पाहत होती. तिला खोडी काढायची नव्हती, दिसत नव्हतं म्हणून ती तसं करत होती. आज पुन्हा तपासलं, निकाल तोच आला. बारीक छिद्रातून बघितल्यावर डाव्या डोळ्याने तिने दोन ओळी जास्त वाचल्या. त्यामुळे नंबर असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं. माझी तपासणी फक्त चाळणी आहे, निदान नाही.

"ती तर टीव्ही नीट बघते, पुस्तकही वाचते," असं तुम्हाला वाटेल, आणि ते खरंच आहे. चांगला डोळा सगळं काम उचलतो, म्हणून घरी किंवा वर्गात कुणालाच कळत नाही. काळजी नेमकी याचीच आहे. लहान वयात एका डोळ्याचं चित्र अंधूक राहिलं, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. याला आळशी डोळा म्हणतात. मग पुढे योग्य नंबरचा चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत उपचारांना चांगला प्रतिसाद मिळतो. नंतरही फायदा होतो, पण कमी आणि हळू. आर्या सात वर्षांची आहे, म्हणून दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका. येत्या दोन आठवड्यांत दाखवा.

चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढून भागणार नाही. मुलं नकळत डोळ्यावर ताण देऊन बघतात आणि नंबर चुकीचा येतो. नेत्रतज्ज्ञ थेंब घालून बाहुली मोठी करतात, नंबर काढतात, आतला पडदा आणि तिरळेपणाही बघतात. थेंबांनंतर काही तास जवळचं अंधूक दिसतं, उजेडाचा त्रास होतो. शनिवारी गेलात तर शाळा बुडणार नाही. टोपी बरोबर ठेवा. खर्चाची अडचण असेल तर महापालिकेच्या वाशीच्या रुग्णालयात दाखवता येईल.

चष्मा लावला की नंबर वाढतो, हा गैरसमज आहे. मुलीला चष्मा नको, असं कुणी म्हणालं तरी कृपया थांबू नका.

तोपर्यंत बाईंना सांगून तिला पहिल्या बाकावर बसवलं आहे. डॉक्टरांचा कागद माझ्याकडे पाठवा. चष्मा किंवा चांगल्या डोळ्यावर पट्टी सांगितली, तर शाळेच्या वेळेत मी लक्ष ठेवेन. काही विचारायचं असेल तर शाळा सुटताना आरोग्य कक्षात या, मी तिथेच असते.

आपली,
परिचारिका, आरोग्य कक्ष