रूथमावशींच्या घरची भेट : शास्त्रवाचन, प्रार्थना आणि आशीर्वाद

(ही भेट मंडळीतल्या दोन वडिलांनी चालवायची आहे. एकाने वाचन करायचे, दुसऱ्याने प्रार्थना. वेळ रविवारी दुपारी चारची, कारण साडेतीनला सूनबाई मावशींची कूस बदलतात आणि त्यानंतर तासभर त्यांना बरे वाटते. सगळे मिळून वीस मिनिटांच्या आत संपवा. खुब्याच्या दुखण्याने त्या लवकर थकतात, पण पाहुण्यांसमोर तसे म्हणत नाहीत. डोळे मिटू लागले किंवा उत्तरे तुटक येऊ लागली, तर दुसरे वाचन सोडून थेट आशीर्वादाकडे या.

आत जाण्यापूर्वी साबणाने हात धुवा. अंगात कणकण, खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. पलंगावर बसू नका. हवेची गादी दबली की दुखऱ्या बाजूला हिसका बसतो. खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला ठेवा, कारण डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. तोंड त्यांच्या तोंडासमोर येईल असे बसा आणि मागून बोलू नका. ओरडून काही साधत नाही. आवाज थोडा खालच्या पट्टीत आणि शब्द सुटे ठेवा. दूरदर्शन बंद करायला सांगा. सूनबाईंना स्वयंपाकघरातून बोलावून घ्या, चहा नंतर होईल.)

अभिवादन

मावशी, प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो. मंडळीचा नमस्कार घेऊन आलो आहोत. आज सकाळच्या उपासनेत तुमचे नाव घेऊन प्रार्थना झाली.

(उत्तराची वाट पाहा. त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. वाक्य आपण पुरे केले की त्या गप्प होतात.)

पहिले वाचन : यशया ४६, वचन ४

मावशी, हे वचन आज तुमच्यासाठी आणले आहे.

“तुमच्या वृद्धापकाळापर्यंत मी तोच आहे, तुमचे केस पिकत तोपर्यंत मी तुम्हांला खांद्यावर वागवीन, निर्माणकर्ता मीच आहे, वागवणारा मीच आहे, मी खांद्यावर वाहून तुमचा बचाव करीन.”

(थांबा. पुन्हा एकदा वाचा, पहिल्यापेक्षा हळू.)

या अध्यायाच्या सुरुवातीला बाबेलच्या मूर्ती आहेत. बेल आणि नबो जनावरांच्या पाठीवर लादलेले आहेत, आणि जनावरे ओझ्याने वाकली आहेत. त्या देवांना माणसांनी उचलावे लागते. आमचा देव मात्र म्हणतो, मी उचलतो. आईच्या पोटापासून उचलत आलो, केस पिकल्यावरही उचलीन.

मावशी, तुम्ही म्हणता की मी आता सगळ्यांना ओझे झाले. कूस वळवायलाही माणूस लागतो, पाणी पाजायला लागतो. हे जड आहे, आम्ही ते हलके म्हणणार नाही. पण उचलून घेणे ही देवाच्या घरातली लाज नाही. तुम्ही चालत होता, शाळेत शिकवत होता, रविवारी पहिल्या बाकावर बसत होता, तेव्हाही त्यानेच तुम्हांला वाहिले. आज फक्त ते दिसू लागले आहे. सूनबाई पाठीखाली हात घालतात, तेव्हा त्यांच्या हातांतून तोच उचलतो.

(एवढेच बोला. “लवकर उठाल, बरे व्हाल” असे म्हणू नका. डॉक्टरांनी तसे सांगितलेले नाही, आणि हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाच्या आजारपणाच्या गोष्टीही सांगू नका.)

दुसरे वाचन : स्तोत्र २३

(मावशींना हे पाठ आहे. पहिली ओळ म्हणा आणि थांबा, त्या पुढे नेतील. त्यांच्या तोंडी जुन्या पाठाचे शब्द येतात. ते दुरुस्त करू नका. त्यांच्या शब्दांत आपला आवाज मिसळा.)

“परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.
तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो; तो मला संथ पाण्यावर नेतो.
तो माझा जीव ताजातवाना करतो. तो आपल्या नामासाठी मला नीतिमार्गाने चालवतो.
मृत्युच्छायेच्या दरीतूनही मी जात असलो तरी कसल्याही अरिष्टाला भिणार नाही, कारण तू माझ्याबरोबर आहेस. तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.
तू माझ्या शत्रूंच्या देखत माझ्यापुढे ताट वाढतोस. तू माझ्या डोक्याला तेलाचा अभ्यंग करतोस. माझे पात्र काठोकाठ भरून वाहत आहे.
खरोखर माझ्या आयुष्याचे सर्व दिवस कल्याण व दया ही मला लाभतील. आणि परमेश्वराच्या घरात मी चिरकाल राहीन.”

प्रार्थना

(आधी विचारा : “मावशी, आज कशासाठी प्रार्थना करू?” त्या जे सांगतील ते प्रथम घ्या. रात्रीची झोप आणि परगावचा मुलगा, हे बहुधा येते. वाक्ये छोटी ठेवा.)

हे प्रभो, तू या खोलीत आहेस. रूथमावशींना तू नावाने ओळखतोस. रात्री घड्याळाचे ठोके मोजत त्या जाग्या असतात, तेव्हा तू त्यांच्याजवळ जागा राहा. दुखणे आवरून धर. पाठीला जखम होऊ देऊ नकोस. दूर असलेल्या मुलाला आईची आठवण दे, आणि आईला त्याची काळजी तुझ्यावर टाकू दे. जे बोलता येत नाही ते तू ऐक. येशूच्या नावाने मागतो.

(मग प्रभूची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणा.)

हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो. जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड. आणि आम्हांला परीक्षेत आणू नकोस, तर आम्हांला वाइटापासून सोडव. कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझीच आहेत. आमेन.

सूनबाईंसाठी

(हा भाग गाळू नका. घरात आजारी माणूस असले की येणारा प्रत्येक जण त्याच्याशीच बोलतो, आणि करणारी व्यक्ती दाराशी उभी राहते. त्यांना मावशींच्या उशाशी बसवा.)

प्रभो, आमच्या या बहिणीचे हात तू पाहतोस. मध्यरात्री उठणे, चादरी धुणे, चमच्याचमच्याने भरवणे, हे सर्व तुझ्यासमोर आहे. तिच्या कंबरेला बळ दे. चिडचिड झाली तर तिला स्वतःला दोष लावू देऊ नकोस. तिला झोप दे, आणि तिचे काम वाटून घेणारी माणसे आमच्यातून उठव. आमेन.

तेल आणि आशीर्वाद

(विचारा : “मावशी, कपाळाला तेल लावू का?” हो म्हणाल्या तरच. बोटाच्या टोकावर एक थेंब खोबरेल पुरे. जास्त घेतले तर डोळ्यांत ओघळते. जखमेवर किंवा लाल झालेल्या कातडीवर लावू नका. उजवा हात कपाळावर हलका ठेवा, भार देऊ नका.)

रूथ, परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो;
परमेश्वर आपला मुखप्रकाश तुझ्यावर पाडो आणि तुझ्यावर कृपा करो;
परमेश्वर आपले मुख तुझ्याकडे करो आणि तुला शांती देवो.

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन.

(हात लगेच उचलू नका. मावशींनाही आशीर्वाद द्यायचा असतो, म्हणून जवळ वाका आणि त्यांचा हात आपल्या डोक्यापर्यंत पोहोचू द्या.

प्रभुभोजन या भेटीत नाही. पातळ काही गिळताना मावशींना ठसका लागतो, तेव्हा ते पाळकसाहेबांनी डॉक्टरांना विचारून, उशी उंच करून, वेगळ्या दिवशी द्यायचे आहे. निघण्यापूर्वी खुर्ची जागेवर ठेवा, पाण्याचे भांडे मावशींच्या उजव्या हाताला सरकवा आणि पुढच्या भेटीचा वार सांगा. आठवड्यातून दोन दुपारी मावशींजवळ बसायला कोण येईल, तेही त्याच वेळी सूनबाईंना सांगून निघा.)