कोटेशन : द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर, फिक्स रक्कम ८,६४,००० रुपये अधिक जीएसटी

नमस्कार दादा,

मागच्या आठवड्यात पिंपळगावला तुमच्या पॅकहाऊसवर दोन दिवस बसलो, गेटपासून कोल्ड रूमपर्यंत सगळं बघितलं, मुकादमाशी आणि हिशोब बघणाऱ्या ताईंशी बोललो, त्यावरून हे कोटेशन बनवलंय. तुम्ही म्हणालात नुसता आकडा नको, कसा आला ते दाखवा, म्हणून पूर्ण फोड देतोय. रक्कम फिक्स आहे, आमचे दिवस जास्त लागले तरी तुमच्याकडून वाढीव मागणार नाही.

आधी काम किती. सगळं मिळून १४४ माणूस-दिवस, म्हणजे एक माणूस एक दिवस काम करतो असे १४४ दिवस. गेटवर शेतकरी, प्लॉट आणि कॅरेट नोंदवायचं मोबाईल ॲप २५ दिवस (रेंज गेली तरी नोंद झाली पाहिजे आणि रेंज आल्यावर आपोआप वर गेली पाहिजे, वेळ तिथेच जातो), वजनकाट्याची जोडणी १५, ग्रेडिंग, पॅकिंग आणि बॉक्सचं क्यूआर लेबल ३०, प्रीकूलिंग, कोल्ड रूमचा स्टॉक आणि कंटेनर लोडिंग २२, शेतकऱ्याची पट्टी, उचल आणि पेमेंट २६, लॉगिन, रिपोर्ट, बॅकअप १२, आणि तुमच्या जागेवर येऊन चाचणी आणि माणसांना शिकवणं १४.

आता दर. वर्षात पाच दिवसांच्या आठवड्याने २६० दिवस, त्यातून १२ सण आणि १८ रजा गेल्या की २३०, आणि अजून ३० दिवस ट्रेनिंग, ऑफिसची कामं आणि दोन प्रोजेक्टमधला रिकामा वेळ यात जातात. हातात राहतात २००. वर्षाच्या पगाराला २०० ने भागलं की दिवसाचा दर. सिनियरचा वर्षाचा खर्च १० लाख, म्हणून ५,०००. पगाराला ३६५ ने भागून दर काढणारे लोक आहेत, पण त्यात सुट्टीच्या दिवसाचा पगार कोणाच्याच बिलात येत नाही आणि मग तो कुठून तरी निघतो, बहुतेक वेळा कामाच्या क्वालिटीतून.

```
सिनियर डेव्हलपर    ३८ × ५,०००  = १,९०,०००
ज्युनियर (दोघे)     ६४ × २,४००  = १,५३,६००
टेस्टर             २२ × २,०००  =   ४४,०००
डिझायनर             ६ × ३,०००  =   १८,०००
मी (प्रोजेक्ट)       १४ × ६,०००  =   ८४,०००
एकूण              १४४ दिवस     = ४,८९,६००
```

ओव्हरहेड म्हणजे जो खर्च कुठल्याच एका कामाचा नाही पण ऑफिस चालवायला लागतोच. आमचा वर्षाचा असा आहे : कॉलेज रोडच्या ऑफिसचं भाडं ३,६०,०००, वीज, इंटरनेट, इन्व्हर्टर १,०२,०००, सर्व्हर, लायसन्स, लॅपटॉपची झीज १,८०,०००, सीए आणि अकाउंटंट १,०८,०००, आणि माझा निम्मा पगार ६,००,००० कारण माझा अर्धा वेळ नवीन काम आणण्यात आणि अशी कोटेशनं बनवण्यात जातो. बेरीज १३,५०,०००. चौघांचे २०० प्रमाणे ८०० आणि माझे १०० असे ९०० दिवस वर्षाला क्लायंटच्या कामाचे, म्हणून प्रत्येक दिवसावर १,५०० चा वाटा. डिझायनर बाहेरचा आहे, आपलं ऑफिस वापरत नाही, त्याचे ६ दिवस सोडून १३८ × १,५०० = २,०७,०००. दोन्ही मिळून ६,९६,६००.

दोन वर्षांपूर्वी एका कामात हा वाटा धरायचाच विसरलो होतो, पगार निघाले पण भाडं खिशातून भरलं आणि शेवटच्या महिन्यात घाईघाईत काम उरकलं, त्याची शिक्षा क्लायंटला झाली. तेव्हापासून ओव्हरहेड वेगळं दाखवतो.

पुढचा भाग अडचणीच्या तरतुदीचा. सगळ्यावर सरसकट टक्का लावला नाही. पट्टी, स्टॉक, लेबल, रिपोर्ट ही कामं आधी केलेली आहेत, तिथे काय अडणार ते माहीत आहे, त्या ५,००,००० च्या भागावर ८ टक्के म्हणजे ४०,०००. गेटचं ऑफलाइन ॲप आणि वजनकाटा या १,९६,६०० च्या भागावर २५ टक्के म्हणजे ४९,१५०. तुमचे दोन काटे दोन वेगळ्या कंपन्यांचे आहेत, जुन्याचा इंडिकेटर सिरियल केबलवर आकडा पाठवतो पण कुठल्या पद्धतीने पाठवतो त्याचा कागद तुमच्याकडे नाही, ते आम्हाला प्रत्यक्ष जोडूनच काढावं लागेल, दोन दिवसात निघेल किंवा आठ लागतील. तरतूद मिळून ८९,१५०. ती पूर्ण वापरली नाही तरी परत होणार नाही, आणि कमी पडली तर वरचा भार आमचा, फिक्स रकमेचा अर्थ तोच.

इथपर्यंत ७,८५,७५०. त्यावर आमचा नफा १० टक्के, ७८,५७५. होतात ८,६४,३२५, ते ८,६४,००० धरले. १८ टक्के जीएसटी १,५५,५२०, एकूण बिल १०,१९,५२०. टीडीएस कापाल तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापा.

तुम्ही सांगितलंत की सातपूरहून कोणी साडेचार लाखात तयार आहे. त्यांचं तयार सॉफ्टवेअर असेल तर खरंच परवडू शकतं, पण काटा जोडून देणार का आणि रेंज नसताना नोंद होणार का, एवढे दोन प्रश्न लेखी विचारून घ्या. नवीन बनवून द्यायचं असेल तर साडेचार लाखात आमच्याकडे नुसते पगारसुद्धा निघत नाहीत, म्हणून त्या आकड्यापर्यंत मी येऊ शकत नाही. कमी करायचंच असेल तर काम कमी करू : पट्टीचा भाग पुढच्या सीझनला ठेवला तर २६ दिवस वाचतात, साधारण दीड लाख. काटा वगळू नका, हाताने वजन लिहिण्यातल्या चुकांमुळेच तुम्ही आमच्याकडे आलात.

यात नाही ते : ग्रेपनेटवर आपोआप माहिती भरणं (प्लॉटचा नोंदणी नंबर प्रत्येक लॉटला ठेवू, भरणार तुमचा माणूस), प्रिंटर, स्कॅनर, मोबाईल, आणि सर्व्हरचं भाडं जे तुमच्याच नावाने घेऊ. मधे नवीन काही सुचलं तर आधी दिवस सांगू, तुमचा होकार लेखी आला की ६,००० रुपये दिवस अधिक जीएसटी, ह्याच कोटेशनचा सरासरी दर आहे तो.

पैसे चार टप्प्यात : सुरुवातीला २,१६,०००, गेटचं ॲप आणि काटा तुमच्या जागेवर चालला की २,५९,२००, बाकी सगळ्याची चाचणी झाली की २,५९,२००, आणि महिनाभर रोजच्या कामात चालल्यावर १,२९,६००, सगळ्यावर जीएसटी वेगळा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू केलं तर दिवाळीचा आठवडा सोडून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चालू होईल, बागलाणचा अर्ली माल थोडाफार येत असतो, त्यावरच माणसांचा हात बसेल आणि जानेवारीत गर्दी सुरू होईल तेव्हा गोंधळ नको. ३० एप्रिलपर्यंत चुका दुरुस्त करून देणं यातच आहे, त्यासाठी टेस्टरचे ४ दिवस वरच्या २२ मध्ये धरलेत. शेवटचा हप्ता आला की सोर्स कोड तुमचा.

कोटेशन ३० दिवस चालेल. एकच विनंती, होकार द्यायच्या आधी जुन्या काट्याचा इंडिकेटर आमच्या सिनियरला अर्धा दिवस जोडून बघू द्या, त्याचे पैसे नाहीत. आकडा नीट वाचता आला तर काट्याच्या तरतुदीतले २०,००० मी लगेच कमी करतो.

गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी येऊ शकतो, सांगा.