रद्द केलेल्या वर्गणीसाठीचा ई-मॅन्डेट तातडीने बंद करण्याबाबत

दिनांक : ९ जून २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक

संदर्भ : बचत खाते, शेवटचे अंक ४४१७, डेबिट कार्ड, शेवटचे अंक ८०६२

महोदय/महोदया,

मुलाच्या ऑनलाइन शिकवणीसाठी मी वरील डेबिट कार्डावर दरमहा ७९९ रुपयांचा ई-मॅन्डेट दिला होता. ही वर्गणी मी १२ मार्च रोजी रद्द केली. रद्द झाल्याचा कंपनीचा ईमेल त्याच दिवशी आला. त्याची प्रत सोबत जोडली आहे. तरीही ५ एप्रिल, ५ मे आणि ५ जून रोजी तीच रक्कम पुन्हा वळती झाली. एकूण २,३९७ रुपये गेले.

कंपनीला तीन ईमेल पाठवले. पहिल्याला “पुढील महिन्यापासून कपात होणार नाही” असे उत्तर आले, नंतरच्या दोन्हींना उत्तरच नाही. नेटबँकिंगमध्ये हा मॅन्डेट अजून ‘सक्रिय’ दिसतो. तो रद्द करण्याचा मी दोनदा प्रयत्न केला, ओटीपीही टाकला, पण दोन्ही वेळा व्यवहार अयशस्वी झाल्याचा संदेश आला. त्याचे स्क्रीनशॉट सोबत आहेत. ७ जूनला बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राने मला कंपनीशीच बोलायला सांगितले. हे मला मान्य नाही. शिकवणीचा करार कंपनीशी होता, पण खात्यातून पैसे वळते करण्याची संमती मी बँकेमार्फत नोंदवली आहे. कार्डावरचा ई-मॅन्डेट ग्राहकाला कधीही मागे घेता आला पाहिजे आणि ती सोय कार्ड देणाऱ्या बँकेने करायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यासाठी कंपनीच्या होकाराची गरज नाही.

म्हणून ही संमती मी या पत्राद्वारे मागे घेत आहे. पुढची कपात ५ जुलैला येईल. त्याआधी मॅन्डेट बंद करून तसे मला लेखी कळवावे. १२ मार्चनंतरच्या तिन्ही कपाती वादग्रस्त व्यवहार म्हणून नोंदवून घ्याव्यात, चार्जबॅकची प्रक्रिया सुरू करावी आणि तक्रार क्रमांक द्यावा. एप्रिलच्या व्यवहाराला दोन महिने होऊन गेले आहेत आणि चार्जबॅकला मुदत असते, त्यामुळे हे काम कृपया आजच हाती घ्यावे.

कार्ड बंद करून नवे घ्या, असेही फोनवर सुचवले गेले. याच कार्डावर वीजबिल आणि आईच्या आरोग्य विम्याचा हप्ता जातो. कार्ड बदलताना विम्याचा हप्ता चुकला तर त्याची झळ आईला बसेल. त्यामुळे कार्ड चालू ठेवून फक्त हा एकच मॅन्डेट बंद करावा.

तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करेन. पण हे आपल्या शाखेतच मिटावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. कृपया या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी.

आपली विश्वासू,
मीनल कुलकर्णी

सोबत : रद्द झाल्याचा ईमेल, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, तिन्ही कपाती दाखवणारा खातेउतारा, स्क्रीनशॉट