सेल्फी टेस्टिमोनियल क्लिपचा प्रॉम्प्ट: खुर्चीवरची कंबरेची उशी

उभी क्लिप, 9:16, 8 सेकंद, 30 एफपीएस, एकच सलग टेक, मध्ये कट नको. पस्तिशीतली एक बाई घरातल्या कामाच्या टेबलापाशी खुर्चीत बसून स्वतःच फोनच्या फ्रंट कॅमेऱ्यावर बोलतेय. फोन फ्रेममध्ये दिसायचा नाही, कारण आपण फोनमधूनच बघतोय, फक्त तिने पकडलेल्या हाताचा खांदा आणि थोडा दंड खालच्या कोपऱ्यातून पुढे आलेला दिसेल. दुसरा हात मोकळा. फोन डोळ्यांच्या किंचित वर, हातभर लांब, वाइड लेन्समुळे नाक-कपाळ जरासं पुढे आल्यासारखं, चेहरा बरोबर मध्यावर नाही, डोक्यावर जागा थोडी जास्तच सुटलेली.

कॅमेरा हलतो पण उगाच थरथरत नाही, धक्के नकोत, नुसतं श्वासाबरोबर वरखाली आणि ती हसली की मनगट जरा कलतं एवढंच. गिम्बलवर ठेवल्यासारखं गुळगुळीत दिसलं तर सगळी मजा गेली.

नजर थेट लेन्समध्ये. एकदाच, वाक्य आठवताना, अर्धा सेकंद बाजूला जाते आणि परत लेन्सवर येते. पापण्या नेहमीसारख्या लवतात, टक लावून बघणारी बाई भीतीदायक वाटते.

उजेड फक्त डावीकडच्या खिडकीचा, ढगाळ दुपारचा, मऊ. उजवा गाल सावलीत आणि त्या सावलीत फोनच्या व्हिडिओला येतो तसा बारीक ग्रेन. दिवा, रिंग लाइट काही नाही, डोळ्यातही गोल चमक नको, खिडकीचा चौकोनच दिसू दे. मागचं ब्लर करायचं नाही, अर्धवट उघडं कपाट, खुर्चीच्या पाठीवर राखाडी उशी, टेबलावर वायरींचा गुंता, सगळं जवळपास फोकसमध्ये. त्वचेवर रोमछिद्रं, डोळ्याखाली हलकी काळी वर्तुळं, केस घाईत बांधलेले. ब्युटी फिल्टर नको.

ती मराठीत बोलते, घरगुती सुरात, जाहिरातीच्या नाही: "खरं सांगू? आधी ना, तासाभरात उठून फेऱ्या मारायचे मी. आता... म्हणजे, अख्खी मीटिंग बसते, आरामात!" "म्हणजे"च्या आधी थोडं अडखळणं, आणि शेवटी मोकळ्या हाताने मागची उशी थोपटते. दुखणं बरं झालं असं काही तिच्या तोंडी येऊ द्यायचं नाही, ही उशी आहे, औषध नाही. ओठ शब्दांशी जुळलेले.

आवाज फोनच्या माइकचा, खोलीचा किंचित घुमणारा, मागे पंख्याची घरघर. म्युझिक नाही. स्क्रीनवर कुठलंही अक्षर, सबटायटल, लोगो नको, उशीवरही नाही. ही बाई खरी ग्राहक नसून एआयने बनवलेली आहे आणि वाक्य रिव्ह्यूवरून घेतलंय, ही पट्टी आम्ही एडिटमध्ये लावणार आहोत, त्यासाठी खालचा पाचवा भाग हात-चेहऱ्याच्या हालचालीपासून मोकळा ठेवा, दंड फक्त कडेला चालेल.