नियुक्तिपत्र आणि सुगमतेची तपासणी यादी

दिनांक : ४ मे २०२६

प्रिय मीनल,

स. न. वि. वि.

लेखा विभागात ‘वरिष्ठ लेखापाल’ या पदावर तुमची निवड झाल्याचे कळवताना मला मनापासून आनंद होत आहे. पडताळणीच्या चाचणीत दोन खात्यांमधला न जुळणारा फरक तुम्ही सगळ्यांच्या आधी शोधलात. निवड त्या कामावर झाली आहे. तुम्ही दृष्टिहीन असल्याचे निवडीनंतर सांगितलेत आणि त्याने पदाच्या कोणत्याही अटीत बदल झालेला नाही.

रुजू होण्याचा दिवस सोमवार, १ जून २०२६, सकाळी १० वाजता. पगार बोलणी झाली तेव्हा ठरला तोच. त्याची फोड सोबतच्या तक्त्यात आहे. आठवड्याला ४० तास, त्यातले दोन दिवस घरून. परिवीक्षा सर्वांसारखीच सहा महिन्यांची. मात्र खालच्या यादीतली एखादी सोय आमच्याकडून रखडली, तर तेवढे दिवस परिवीक्षेत धरले जाणार नाहीत आणि त्या काळातल्या कामाच्या वेगावरून तुमचे मूल्यमापन होणार नाही.

सोयींचा सगळा खर्च संस्थेचा. त्यासाठी वेगळे वैद्यकीय प्रमाणपत्र नको, तुमचे सांगणे पुरेसे आहे. तुमच्या दृष्टीबद्दलची माहिती सध्या मी, लेखा विभागप्रमुख आणि संगणक विभागातला एक सहकारी अशा तिघांनाच आहे. बाकीच्यांना काय, कधी आणि कोणी सांगायचे, ते तुम्ही ठरवा. यादीतल्या ज्या गोष्टींसाठी इतरांशी बोलावे लागेल, त्या तुमच्या होकारापर्यंत थांबवल्या आहेत.

हे पत्र मुद्दाम साध्या मजकुरात पाठवत आहे. सही करून स्कॅन केलेली प्रत स्क्रीन रीडरच्या दृष्टीने नुसते चित्र असते. स्वीकृतीसाठी १५ मेपर्यंत ईमेलने ‘मान्य आहे’ एवढे कळवलेत तरी चालेल.

तपासणी यादी (४ मेची स्थिती)

१. संगणक : झाले. एनव्हीडीए बसवले आहे, हेडफोन आणि ४० अक्षरांचा ब्रेल डिस्प्ले आला आहे. तुमच्या नेहमीच्या सेटिंगची फाइल आधी पाठवलीत, तर पहिल्या दिवशी आवाजाचा वेग जुळवत बसावे लागणार नाही.

२. खर्च मंजुरीचे सॉफ्टवेअर : अडले आहे. आम्ही माउस बाजूला ठेवून ते चालवून पाहिले. `Tab` दाबत गेलो तर स्क्रीन रीडर ‘बटन, बटन, बटन’ एवढेच बोलत होता. मंजूर कुठले आणि नामंजूर कुठले, कळायला मार्ग नाही. अशा बटनावर कुणाच्याही पैशाचा निर्णय घ्यायला मी तुम्हाला सांगणार नाही. पुरवठादाराकडून २२ मेपर्यंत बटनांना नावे देण्याचे लेखी आश्वासन घेतले आहे. तोवर मंजुरी ईमेलने होईल आणि निर्णय तुमच्याच नावावर नोंदला जाईल. दुसऱ्या कुणी तुमच्या लॉगिनने काम करायचे नाही.

३. एक्सेलच्या फाइल : चालू. थकलेली बिले आजवर फक्त लाल रंगाने दाखवली जात. आता ‘स्थिती’ असा वेगळा रकाना केला आहे. एकत्र केलेले सेल सोडवतो आहोत, कारण त्यांत कुठला आकडा कुठल्या शीर्षकाखालचा हे ऐकणाऱ्याला समजत नाही. बारापैकी सात फाइल झाल्या. उरलेल्या २५ मेपर्यंत.

४. हजेरी : दारावरचे यंत्र टचस्क्रीनचे आहे आणि ते बोलत नाही. तुमची हजेरी संगणकावरून लागेल. यंत्र बदलायचा प्रस्ताव दिला आहे, तारीख ठरलेली नाही.

५. जागा आणि वाट : लिफ्टमध्ये ब्रेल बटने आहेत, मजलाही बोलून सांगितला जातो. काचेच्या दाराशेजारची कुंडी हलवली. अर्धवट उघडी राहणारी कपाटे ही खरी भीती, कारण काठी खालून जाते आणि दार कपाळाला लागते. त्यांना आपोआप मिटणाऱ्या बिजागऱ्या बसतील, २० मे. शुक्रवारी २९ मे रोजी ऑफिस रिकामे असताना येऊन वाट पायाखालची करून घ्यायची असेल तर मी सोबत असेन. तो दिवस पगारी धरू.

६. आग लागल्यास : जिन्यापर्यंतची वाट त्याच दिवशी दोनदा चालून पाहू. सोबतीला दोघे हवेत, एकजण रजेवर असला तरी दुसरा असेल. ते कोण, हे तुमच्या पसंतीने.

७. बैठका : तुमच्या होकारानंतर. कागद आदल्या दिवशी फाइलरूपात मिळतील. बोलणाऱ्याने आधी नाव सांगायचे आणि ‘हे इथे बघा’ न म्हणता आकडा वाचायचा. मदत हवी का, ते विचारायचे. हात धरून ओढायचे नाही.

१५ जूनला आपण दोघी बसून ही यादी पुन्हा वाचू. त्याआधी काही अडले तर थेट मला फोन करा. यातले काही तुम्हाला नको असेल किंवा माझ्याकडून काही सुटले असेल, तर स्वीकृतीसोबत तेही लिहा.

आपली,
वासंती
मनुष्यबळ विभागप्रमुख