ट्यूटोरियल ४ : निश्चयक, इन्व्हर्स आणि उत्तराचा ताळा

प्रथम वर्ष, गणित १. सर्व बॅचेससाठी. सोडवून शुक्रवारच्या तासाला आणणे.

मागच्या चाचणीचे पेपर तपासून झाले. इन्व्हर्सचा प्रश्न बहुतेकांनी घेतला होता आणि पद्धतही बहुतेकांना येत होती. घोटाळा झाला तो चिन्हांत. नऊ कोफॅक्टरपैकी आठ बरोबर, एकाचं चिन्ह उलटं, आणि त्या एकापायी सगळं उत्तर गेलं. मला जास्त वाईट याचं वाटलं, की चुकलेल्या एकाही पेपरात शेवटी गुणून पाहिलेलं नव्हतं. तिसरीत भागाकार शिकताना बाईंनी ताळा करायला लावला होता, आठवतंय ना? भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी. इथेही तेच करायचं आहे. गणितातल्या फार थोड्या प्रश्नांना अशी सोय असते, की उत्तर बरोबर आहे का हे परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्या जागी स्वतःला ठरवता येतं. ती सोय सोडू नका.

सोडवलेलं उदाहरण १

कॅन्टीनमध्ये सोमवारी ५ चहा आणि ३ वडापाव घेतले, बिल झालं ९५ रुपये. मंगळवारी ४ चहा आणि २ वडापाव, बिल ७० रुपये. एका चहाची आणि एका वडापावची किंमत काढा.

दहावीत हे तुम्ही क्रेमरच्या पद्धतीने केलं असतं. आज इन्व्हर्सने करू.

```
A = [ 5  3 ]      |A| = 5×2 − 3×4 = −2
    [ 4  2 ]

adj A = [  2  −3 ]
        [ −4   5 ]
```

२×२ मध्ये ॲडजॉइंट काढणं सोपं: मुख्य कर्णावरचे दोन आकडे अदलाबदल करायचे, उरलेल्या दोघांची चिन्हं बदलायची. आता लगेच −2 ने भागू नका. आधी A ला adj A ने गुणा.

```
A · adj A = [ 10−12   −15+15 ]  =  [ −2   0 ]
            [  8−8    −12+10 ]     [  0  −2 ]
```

कर्णावर दोन्हीकडे −2, बाकी शून्य. निश्चयक −2 च होता, म्हणजे ताळा जुळला. आता भागा:

```
A⁻¹ = [ −1   3/2 ]
      [  2  −5/2 ]

चहा    = −1×95 + (3/2)×70 = 10
वडापाव =  2×95 − (5/2)×70 = 15
```

चहा १० रुपये, वडापाव १५ रुपये. बिलात घालून बघा: 50 + 45 = 95 आणि 40 + 30 = 70.

भागण्याआधी का गुणायचं? अपूर्णांक नसताना गुणाकार तोंडी होतो. दशांश चिन्ह आणि छेद आले की ताळ्यातच चुका व्हायला लागतात, आणि मग बरोबर उत्तरावरचाही विश्वास उडतो. नियम एवढाच आहे:

```
A · (adj A) = |A| · I
```

सोडवलेलं उदाहरण २

खालील मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढा आणि ताळा करा.

```
A = [ 1   2  −1 ]
    [ 3   1   2 ]
    [ 2  −1   1 ]
```

पहिल्या ओळीने निश्चयक उलगडू:

```
|A| = 1(1+2) − 2(3−4) + (−1)(−3−2)
    = 3 + 2 + 5 = 10
```

मधल्या पदाआधीचं वजा इथे फार जणांकडून निसटतं. ते निसटलं तर 10 ऐवजी 6 येतात.

आता नऊ कोफॅक्टर. प्रत्येक जागेची ओळ आणि स्तंभ झाकायचा, उरलेल्या २×२ चा निश्चयक घ्यायचा आणि + − + / − + − / + − + या जाळीतलं चिन्ह लावायचं. ही जाळी कच्च्या कामाच्या कोपऱ्यात आधीच काढून ठेवा, डोक्यात धरू नका.

```
कोफॅक्टर:  [  3   1  −5 ]
           [ −1   3   5 ]
           [  5  −5  −5 ]
```

ओळींचे स्तंभ केले (ट्रान्सपोज) की ॲडजॉइंट:

```
adj A = [  3  −1   5 ]
        [  1   3  −5 ]
        [ −5   5  −5 ]
```

ताळा:

```
ओळ १:   3+2+5 = 10    −1+6−5 = 0     5−10+5 = 0
ओळ २:   9+1−10 = 0    −3+3+10 = 10   15−5−10 = 0
ओळ ३:   6−1−5 = 0     −2−3+5 = 0     10+5−5 = 10
```

कर्णावर तीनदा 10, इतरत्र शून्य. म्हणून A⁻¹ = (1/10) adj A.

ती शून्यं योगायोगाने येत नाहीत. पहिल्या ओळीला पहिल्याच ओळीच्या कोफॅक्टरांनी गुणलं की निश्चयक येतो, हे आपण वर केलंच. पण पहिल्या ओळीला दुसऱ्या ओळीच्या कोफॅक्टरांनी गुणणं म्हणजे, दुसऱ्या ओळीच्या जागी पहिलीच ओळ पुन्हा लिहिलेल्या मॅट्रिक्सचा निश्चयक काढणं. दोन ओळी सारख्या असल्या की निश्चयक शून्य. म्हणून कर्ण सोडून सगळीकडे शून्य यायलाच हवं. हे एकदा नीट डोक्यात बसलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

A · A⁻¹ पाहिलं, मग A⁻¹ · A सुद्धा पाहायचं का, असं दर वर्षी कोणीतरी विचारतं. चौरस मॅट्रिक्सला एका बाजूने I आलं की दुसऱ्या बाजूने येतंच. एक गुणाकार पुरे.

ताळा जुळला नाही तर

हा भाग सावकाश वाचा. ताळा जुळला नाही की बरेच जण घाबरून सगळं खोडतात आणि पहिल्यापासून सुरू करतात. तसं करायची गरज नाही. न जुळलेला गुणाकार चूक कुठे आहे ते सांगतो.

वरच्याच उदाहरणात समजा तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या कोफॅक्टरचं चिन्ह चुकलं आणि −5 ऐवजी 5 लिहिलं. ट्रान्सपोज केल्यावर तो आकडा ॲडजॉइंटच्या दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या स्तंभात बसतो. गुणाकार असा येतो:

```
[ 10   0   20 ]
[  0  10   10 ]
[  0   0    0 ]
```

पहिले दोन स्तंभ स्वच्छ आहेत. बिघडलाय फक्त तिसरा. म्हणजे ॲडजॉइंटचाही तिसरा स्तंभच तपासायचा, नऊपैकी सहा आकडे सुटले. आता फरक काढा. हवं होतं 0, 0, 10. आलं 20, 10, 0. फरक 20, 10, −10. हा A च्या दुसऱ्या स्तंभाच्या (2, 1, −1) बरोबर दहापट आहे. दुसरा स्तंभ म्हणजे चूक ॲडजॉइंटच्या दुसऱ्या ओळीत, आणि दहापट म्हणजे तो आकडा 10 ने जास्त. 5 मधून 10 वजा करा: −5. दुरुस्ती झाली, एकही कोफॅक्टर पुन्हा न काढता.

मी पहिल्यांदा हे फळ्यावर करून दाखवलं तेव्हा मागच्या बाकावरून "बाई, परत एकदा" असा आवाज आला होता. मी ते आनंदाने परत केलं. तुम्हीही वहीत एक आकडा मुद्दाम चुकवा आणि तो शोधून काढा. दोनदा केलंत की परीक्षेत हात आपोआप वळतो.

चुकीची आणखी दोन रूपं ओळखून ठेवा. कर्णावर तिन्ही ठिकाणी सारखाच आकडा आला, इतरत्र शून्य आलं, पण तो आकडा तुमच्या निश्चयकाशी जुळत नाही: ॲडजॉइंट बरोबर आहे, निश्चयक चुकलाय. वर 6 काढणाऱ्याला ताळ्यात 10 दिसतील, आणि ते 10 च खरे. दुसरं रूप म्हणजे सगळीकडे वाटेल ते आकडे येणं. वरच्या उदाहरणात ट्रान्सपोज करायचं विसरून गुणलं तर पहिली ओळ −4, 12, 10 अशी येते. एकही शून्य दिसलं नाही की आधी ट्रान्सपोज केलंय का ते बघा.

निश्चयक शून्य असेल तेव्हा

उदाहरण ३. k च्या कोणत्या किमतीला B चा इन्व्हर्स नसेल?

```
B = [ 1  2  3 ]
    [ 2  k  1 ]
    [ 1  1  2 ]

|B| = 1(2k−1) − 2(4−1) + 3(2−k) = −k − 1
```

k = −1 असताना निश्चयक शून्य, म्हणून इन्व्हर्स नाही. ताळा इथेही होतो. k = −1 घालून ॲडजॉइंट काढा:

```
adj B = [ −3  −1   5 ]
        [ −3  −1   5 ]
        [  3   1  −5 ]
```

B ने गुणलं की नऊच्या नऊ शून्यं येतात, कारण |B| · I च शून्य आहे. एक गुणाकार स्वतः करून बघा.

ताळा कुठे फसवतो

मॅट्रिक्स वहीत उतरवतानाच −2 चं 2 झालं, तर पुढचं सगळं सुरळीत होतं, ताळाही चोख जुळतो आणि उत्तर मात्र चुकीचं असतं. मागच्या चाचणीत नेमकं हे झालेला एक पेपर होता. इतकी नीटनेटकी आकडेमोड, आणि सुरुवातीची एक आडवी रेघ राहिलेली. मला तो पेपर बाजूला ठेवून पुन्हा हातात घ्यावा लागला. म्हणून ताळा करताना A हे स्वतःच्या वहीतून घेऊ नका. प्रश्नपत्रिका समोर धरा आणि तिथले आकडे वाचून गुणा.

सरावासाठी

निश्चयक काढा. इन्व्हर्स असेल तर काढा, नसेल तर तसं कारणासह लिहा.

```
(१) [ 7  4 ]        (२) [  6  −2 ]
    [ 5  3 ]            [ −9   3 ]

(३) [ 2  −1   1 ]   (४) [ 0  2   1 ]
    [ 3   1  −2 ]       [ 3  0  −1 ]
    [ 1   2   1 ]       [ 1  4   2 ]

(५) [ cosθ  −sinθ  0 ]
    [ sinθ   cosθ  0 ]
    [  0      0    1 ]
```

(५) मध्ये उत्तर आल्यावर ते A च्या ट्रान्सपोजशेजारी ठेवून बघा.

(६) उदाहरण २ मधला इन्व्हर्स वापरून सोडवा: x + 2y − z = 2, 3x + y + 2z = 11, 2x − y + z = 3. किमती तिन्ही समीकरणांत घालून दाखवा.

(७) खाली A आणि कोणीतरी काढलेला adj A दिलाय. त्यात एकच आकडा चुकीचा आहे. |A| = 1 आहे. एकही कोफॅक्टर न काढता, फक्त गुणून, तो आकडा शोधा आणि दुरुस्त करा.

```
A = [ 1  0   2 ]      adj A = [  3   2  −2 ]
    [ 2  1  −1 ]              [ −7  −4   5 ]
    [ 3  1   2 ]              [ −1   1   1 ]
```

या पानाच्या मागे उत्तरं छापलेली नाहीत, माझ्याकडे विचारायलाही येऊ नका. गुणाकार जुळला की तुमचं उत्तर बरोबर आहे. अडलं तर मात्र जरूर या, पण न जुळलेला गुणाकार सोबत घेऊन या, तो समोर ठेवून बोलू. प्रत्येक गणिताखाली ताळ्याचं पूर्ण गुणन लिहायचं आहे. नुसतं "ताळा जुळला" असं लिहिलेलं मी धरणार नाही.